व्हायवातली दोन नंबरची स्लाइड

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन म्हणजे पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत बोलत जायचं, असं आम्हाला तीन वर्षं वाटत होतं. व्हायवा तसा होत नाही. एक्स्टर्नल आले की पहिल्या दोन मिनिटांत विचारतात, "ते राहू द्या, निरीक्षणं दाखवा." मग तुम्ही स्क्रीनवर सटासट स्लाइडा पुढे ढकलत बसता आणि ते घड्याळाकडे बघत बसतात. आमच्या सीनियर्सनी सुचवलं की दोन नंबरला एक सारांशाची स्लाइड ठेवा, तिच्यावर प्रत्येक भागाचं छोटं चित्र ठेवा, चित्रावर क्लिक केलं की त्या भागात शिरता येतं आणि भाग संपला की आपोआप परत येता येतं. पॉवरपॉइंटमध्ये याला झूम म्हणतात. ऐकायला सोपं वाटलं. "आपोआप परत" हे दोन शब्द मात्र आम्हाला तीनदा फसवून गेले, म्हणून हे लिहितेय.

प्रोजेक्ट साधा होता. कर्वे रोडवरच्या तीन थांब्यांवर उभं राहून पीएमपीच्या बसची वाट बघायची आणि वेळा लिहायच्या. मांडणी अशी: १ नंबरला नाव, २ ला सारांश, ३ आणि ४ प्रश्न, ५ ते ७ पद्धत, ८ ते ११ निरीक्षणं, १२ आणि १३ उपाय, १४ ला धन्यवाद. पुढे १५ आणि १६ या राखीव स्लाइडा, कुणी खोदून विचारलं तरच उघडायच्या. हे आकडे डोक्यात ठेवा, सगळी गंमत त्यांच्यातच आहे.

पहिल्या वेळी मी सगळ्यात सोपा मार्ग धरला. डावीकडच्या पट्टीतून ८ नंबरची स्लाइड उचलली आणि ओढून २ नंबरच्या स्लाइडवर सोडली. लगेच तिथे छोटं चित्र उमटलं. तसंच ३, ५ आणि १२ चं केलं. चार चित्रं, चार नावं, दिसायला झकास. पण असं ओढून जे तयार होतं ते `Slide Zoom`. ते एका स्लाइडला बांधलेलं असतं आणि परत येण्याची सोय त्यात सुरुवातीला बंद असते. इंटर्नल रिव्ह्यूला मॅडमसमोर निरीक्षणांवर क्लिक केलं, ८ उघडली, ९, १०, ११ झाल्या, आणि पुढच्या क्लिकला स्वारी थेट १२ वर. मॅडम म्हणाल्या, "अगं, मी पद्धत विचारतेय, तू उपाय काय दाखवतेस?" घाबरून मी Esc दाबलं. शो बंद पडला आणि वर फाइलचं नाव झळकलं, ज्यात `final` हा शब्द तीनदा होता.

रिव्ह्यूनंतर चहा पिताना माझ्या पार्टनरने उपाय शोधून काढला. चित्र निवडलं की वरच्या रिबनवर `Zoom` नावाचा टॅब येतो, जुन्या आवृत्तीत तोच `Format` या नावाने दिसतो. त्यात `Return to Zoom` असा एक चौकोन असतो. तिथे टिक केली की स्लाइड बघून झाल्यावर मूळ जागी परत येता येतं. आम्ही चारही चित्रांना टिक केली आणि निवांत झालो. त्या रात्री रूमवर रंगीत तालीम करताना नवीनच प्रकार दिसला. निरीक्षणांवर क्लिक, ८ उघडली, पुढचा क्लिक आणि लगेच २ वर परत. ९, १०, ११ गायब. आधी वाटलं स्लाइडा डिलीट झाल्या की काय. तसं काही नव्हतं. पॉवरपॉइंट सांगितल्याप्रमाणेच वागत होतं: चित्र ८ ला बांधलं होतं, ८ संपली, तो परत आला. ९ ते ११ पण त्याच भागातल्या आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नवख्यांची गल्लत इथेच होते. आपल्या डोक्यात "निरीक्षणं" हा चार स्लाइडांचा गठ्ठा असतो, पण फाइलमध्ये तो गठ्ठा बांधलेला नसतो. तो बांधायचं साधन म्हणजे सेक्शन. डावीकडच्या पट्टीत ८ नंबरच्या स्लाइडवर राइट क्लिक करून `Add Section` निवडायचं आणि नाव द्यायचं. ८ पासून पुढच्या सेक्शनपर्यंतच्या सगळ्या स्लाइडा मग त्या नावाखाली जातात. तसंच ३, ५ आणि १२ वर करायचं. सेक्शन झाले की २ नंबरवर या, आधीची चित्रं पुसून टाका आणि `Insert` मधल्या `Zoom` खाली `Section Zoom` निवडा. सेक्शनांची यादी येते, हवे त्यांना टिक करा. आता चित्र एका स्लाइडला नाही, पूर्ण गठ्ठ्याला बांधलेलं असतं. परत येणं यात आधीपासूनच चालू असतं, वेगळी टिक लागत नाही. नंतर गठ्ठ्याच्या मध्ये एखादी स्लाइड घातली तरी ती आपसूक मोजली जाते.

त्याच यादीत `Summary Zoom` पण आहे. तो सारांशाची नवी स्लाइड स्वतःच बनवून देतो, सेक्शनही तोच पाडतो, आणि परतही आणतो. घाईत असाल तर वापरा. आमच्या २ नंबरवर रस्त्याचा नकाशा होता आणि चित्रं थांब्यांच्या कडेला बसवायची होती, म्हणून आम्ही एकेक `Section Zoom` घेतला.

तिसरा फटका शेवटच्या भागाचा. उपायांवर क्लिक केलं, १२, १३ झाल्या, आणि परत येण्याऐवजी १४, मग १५, मग १६ उघडल्या. राखीव स्लाइडा, ज्यांत अर्धवट आकडेमोड होती, न विचारता भिंतीवर. कारण एकच: १२ वर सुरू झालेला सेक्शन कुठे संपतो हे आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून तो फाइलच्या शेवटापर्यंत पसरला. १४ वर "समारोप" आणि १५ वर "राखीव" असे आणखी दोन सेक्शन घातल्यावर तो आटोक्यात आला. त्यामुळे सेक्शन मोजताना सुरुवात बघू नका, प्रत्येक सेक्शनची शेवटची स्लाइड कुठली ते बघा. पट्टीत सेक्शन मिटवला की त्याच्या नावापुढे आतल्या स्लाइडांची संख्या दिसते. आमच्याकडे उपायांपुढे २ असायला हवं होतं आणि तिथे ५ दिसत होतं. महिनाभर ते डोळ्यांसमोर होतं.

इथे मॅडमनी एक छान गोष्ट सुचवली. सगळेच भाग परत यायला हवेत असं नाही. उपाय सांगून झाल्यावर पुन्हा सारांशावर येऊन काय करायचं? तेवढ्या एका चित्राची `Return to Zoom` ची टिक काढली. मग १३ नंतरचा क्लिक आपसूक १४ वर, म्हणजे धन्यवादवर जातो. बाकी तीन चित्रं परत येतात आणि चौथं बाहेरच्या दारातून जातं.

राखीव स्लाइडांना मात्र `Slide Zoom` अगदी फिट बसतो, कारण तिथे एकच स्लाइड दाखवून लगेच परत यायचं असतं. १५ आणि १६ ची दोन बारीक चित्रं आम्ही २ नंबरच्या खालच्या कोपऱ्यात ठेवली आणि दोन्हींना परतीची टिक केली. आतल्या स्लाइडांवर, म्हणजे ८ ते ११ मध्ये कुठेही झूम ठेवला नाही. आत शिरून पुन्हा आत शिरलं की आपण कुठे आहोत हे बोलणाऱ्यालाच कळत नाही.

तपासायची आमची पद्धत अगदी गावठी होती. २ नंबरची स्लाइड उघडून Shift+F5 दाबायचं, म्हणजे शो तिथूनच सुरू होतो. एकाने चित्रावर क्लिक करायचं आणि दुसऱ्याने कागदावर क्लिक मोजायचे. निरीक्षणांत चार स्लाइडा, त्यातल्या ११ वर आलेखाच्या तीन रेषा एकेक क्लिकला येतात. म्हणजे चित्रावर क्लिक करून ८ उघडल्यावर ११ पर्यंत पोचायला तीन, रेषांना तीन, आणि सातव्या क्लिकला परत. ॲनिमेशन उरलं असेल तर परत येणं होत नाही. पहिल्यांदा हे माहीत नसल्यामुळे "झूम बिघडला" म्हणून आम्ही अर्धा तास घालवला होता. मोजलेला आकडा आणि घडलेला आकडा जुळला नाही तर चूक दोनच ठिकाणी सापडते: सेक्शनच्या शेवटच्या स्लाइडमध्ये, नाहीतर ॲनिमेशनमध्ये.

आता मशीनचं. झूम बनवायला पॉवरपॉइंट २०१९ किंवा त्यानंतरचं, नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ लागतं. आमच्या सेमिनार हॉलमधल्या पीसीवर त्याहून जुनं होतं. तिथे फाइल उघडली, चित्रं दिसली, क्लिकही चालले, पण ती नुसत्या लिंकसारखी वागली: आत गेलं, पण परत येणं नाही. हे व्हायवाच्या आदल्या दिवशी कळलं, हे नशीब. लॅपटॉप न्यायचं ठरलं. तरी एचडीएमआय केबलचा भरवसा नाही म्हणून ४, ७ आणि ११ या तिन्ही शेवटच्या स्लाइडांच्या कोपऱ्यात घराचं छोटं चिन्ह टाकलं आणि `Insert` मधल्या `Link` मधून `Place in This Document` निवडून त्याला २ नंबर दिला. हा जुना साधा दुवा कुठल्याही आवृत्तीत चालतो.

झूम आत शिरताना जी हालचाल दिसते तिची वेळ सुरुवातीला एक सेकंद असते. जुन्या मशीनवर ती अडखळते. `Zoom Transition` ची टिक काढली की हालचाल जाते, परतीची सोय राहते. मला तर ती हालचाल नसलेलीच बरी वाटते, पण पार्टनरला ती फार आवडायची, म्हणून ठेवली.

व्हायवाला एक्स्टर्नलनी प्रश्नांचा भाग उघडूच दिला नाही. निरीक्षणं बघितली, आम्ही सातव्या क्लिकला परत आलो, मग त्यांनी पद्धत विचारली, ती दाखवून परत आलो. मग ते म्हणाले, "संध्याकाळच्या वेळा कुठल्या दिवशीच्या?" ते १५ नंबरवर होतं. कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक केलं, उत्तर दिलं आणि परत आलो. उपाय बघायला वेळ उरला नाही. अशा वेळी करायचं ते इतकंच: शो चालू असताना 14 टाइप करून Enter दाबायचं, की धन्यवाद समोर. माझ्याकडून घाईत 1 आणि 5 दाबलं गेलं आणि तीच संध्याकाळची स्लाइड पुन्हा उघडली. ते हसले आणि म्हणाले, "पुरे, कळलं."