‘हार्ड’ला ‘ली’ लावलं की अर्थच उलटतो

इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ जोडलं की क्रियाविशेषण होतं: स्लो, स्लोली. हा नियम पाठ झाल्यामुळे आपण ‘फास्टली’ही लिहून जातो, पण तसा शब्द आजच्या प्रमाण इंग्रजीत नाही. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये फास्ट हे विशेषण आहे आणि ‘द ट्रेन रन्स फास्ट’मध्ये तेच क्रियाविशेषण. आपलं ‘छान’ असंच चालतं: छान गाणं, छान गाते.

जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’सारख्या क्रियाविशेषणांच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर असे. पुढे ते गळालं आणि दोन्ही रूपं सारखी झाली.

खरा धोका ‘हार्ड’मध्ये आहे, कारण ‘हार्डली’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा. नोकरीच्या अर्जात मी एकदा वाचलं, ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर थ्री इयर्स’. बिचाऱ्याला तीन वर्षं कष्ट केले असं सांगायचं होतं आणि कागदावर उतरलं, तीन वर्षं फारसं काम केलंच नाही. हवं होतं ‘आय हॅव वर्क्ड हार्ड फॉर थ्री इयर्स’.

जागेवरूनही फरक ओळखता येतो. कष्टाचा ‘हार्ड’ क्रियापदानंतर येतो, ‘हार्डली’ बहुधा मुख्य क्रियापदाआधी. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, ही जोडीही अशीच फसवते. शंका आली की वाक्य मराठीत म्हणून बघा: ‘जेमतेम’ बसत असेल तरच ‘हार्डली’ लिहा.