बँक खाते बदलल्याचे पत्र: फसवणाऱ्याच्या हाती लागले तरी त्याचा उपयोग होऊ नये असे कसे लिहाल?

देवगडच्या एका आंबा बागायतदाराने हंगामाच्या तोंडावर बँक बदलली आणि वाशी-पुण्याच्या व्यापाऱ्यांसाठी पत्र तयार केले:

«काही तांत्रिक कारणास्तव आमचे जुने खाते बंद झाले आहे. यापुढील सर्व रक्कम त्वरित खालील खात्यात भरावी, अन्यथा पेट्या पाठवण्यास विलंब होईल. शंका असल्यास खालील मोबाइलवर संपर्क साधावा.»

पत्र खरे आहे. पण कोणी बागायतदाराच्या ईमेलमध्ये शिरला, तर तोही अक्षरशः हेच लिहील, फक्त खाते आणि मोबाइल स्वतःचा देईल. दोन पत्रांतला फरक व्यापाऱ्याला कळणार कसा? आपण अशी पत्रे पाठवत राहिलो, तर मिळालेल्या पत्रावर विश्वास ठेवून पैसे भरायची सवय आपणच त्याला लावतो.

सुरुवात बँकेपासून करा. हंगाम संपेपर्यंत जुने खाते चालू ठेवा, कारण ते चालू असेल तरच «घाई नाही» असे लिहिता येते. फसवणाऱ्याला मात्र हे वाक्य परवडत नाही. त्याला जुन्या खात्याकडे वळणारा प्रत्येक रुपया थांबवायचा असतो. म्हणून «त्वरित» आणि «अन्यथा» हे दोन्ही शब्द काढून टाका.

मग मोबाइल नंबर काढा. हे विचित्र वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचे हेच. पत्रातल्या नंबरवर फोन करून पत्राची खातरजमा होत नाही, कारण पत्र खोटे असेल तर नंबरही खोटाच असणार. गेल्या हंगामात ज्या बिलाचे पैसे चुकते केले, त्यावरच्या नंबरवर फोन करायला सांगा. त्यामुळे खाते आणि मोबाइल एकाच वेळी बदलू नका.

फोनवर काय करायचे तेही लिहा. व्यापाऱ्याने खाते क्रमांक वाचून दाखवला, तर समोरचा «हो हो, बरोबर» म्हणून मोकळा होतो. उलट त्याने आपल्याला पूर्ण खाते क्रमांक सांगायला लावावा आणि हातातल्या पत्राशी ताडून पाहावा. पत्र वाटेत कोणी बदलले असेल, तर ते इथेच उघडे पडते.

नावाकडेही लक्ष द्या. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. भरलेले नाव चुकले तरी व्यवहार अडेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवायची सोय करायला सांगितले. पण आपल्याकडे पेटीवर बागेचे नाव आणि खाते वडिलांच्या नावावर, असे सर्रास असते. पडद्यावर अनोळखी नाव दिसले की व्यापारी एक तर थबकतो, नाहीतर नावाकडे कानाडोळा करायला शिकतो. म्हणून बँकेत आहे तसेच नाव पत्रात छापा.

आता तेच पत्र नव्याने:

«आम्ही बँक बदलत आहोत. जुने खाते जूनअखेरपर्यंत चालू आहे. त्यात पाठवलेले पैसेही आम्हाला मिळतील, त्यामुळे घाई नाही. नवीन खात्याचा तपशील खाली आहे, पण केवळ या पत्रावरून पैसे भरू नका. गेल्या हंगामातील बिलावरच्या नंबरवर फोन करा आणि खाते क्रमांक आम्हाला सांगायला लावा. तो जुळला, तर आधी एक रुपया पाठवा आणि मिळाल्याचे त्याच नंबरवर विचारा. पैसे भरताना नाव खाली छापल्याप्रमाणेच दिसले पाहिजे. वेगळे दिसले तर थांबा. खात्री करण्यात दिवस गेले म्हणून तुमच्या पेट्या अडणार नाहीत. या हंगामात खाते पुन्हा बदलणार नाही. तसे पत्र आले तर ते आमचे नाही.»

एका रुपयाबद्दल एक खुलासा. रुपया पोहोचला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. चोराच्या खात्यातही तो पोहोचतोच, आणि ईमेलवर «मिळाला» असे उत्तरही तो देऊ शकतो. उपयोग आहे तो जुन्या नंबरवर विचारण्याचा.

पत्राची मर्यादाही आहे. कोणी आपल्या ईमेलमध्ये आधीच शिरला असेल, तर तो आपले पत्र अडवून त्यातल्या सूचनाच बदलेल. म्हणून मोठी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना आधी स्वतः फोन करा, पत्र मागून जाऊ द्या. पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर व्यापाऱ्याने लगेच आपल्या बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवावे, cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते.

पाठवण्याआधी पत्राची परीक्षा घ्या. छापील प्रतीवर खाते क्रमांकाचे दोन आकडे मुद्दाम बदला आणि घरातल्या कोणाला तरी देऊन, पत्रात लिहिल्याप्रमाणेच पैसे भरायला निघा म्हणा. तुम्हाला फोन न करता तो बँकेच्या अ‍ॅपपर्यंत पोहोचला, तर फोनचे वाक्य खाते क्रमांकाच्या वर, ठळक अक्षरांत हलवा आणि प्रत दुसऱ्या कोणाला तरी द्या.