पांढरं घट्ट झालं म्हणजे अंडं शिजलं? कच्च्या अंड्यांच्या शेकमधल्या या चुका टाळा

कच्च्या अंड्याचं पांढरं प्यायलं की शरीरातलं बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व कमी होतं, हे जिमला जाणाऱ्या बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. त्यावर प्रत्येकाने आपापला तोडगाही काढलेला असतो. कुणी पिवळ्या बलकासकट अख्खं अंडं फोडून टाकतो, कुणी पाश्चराइज्ड पांढऱ्याचा डबा आणतो, तर कुणी गरम दुधात मिक्सर फिरवतो. अडचण अशी की यातले बहुतेक तोडगे प्रश्नाला नीट भिडतच नाहीत.

आधी मूळ भानगड समजून घेऊ. अंड्याच्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग बायोटिनचा एकेक रेणू पकडतो. ही पकड इतकी घट्ट असते की निसर्गात सापडणाऱ्या अशा जोड्यांमध्ये ती सर्वांत मजबूत मानली जाते. पोटातल्या आणि आतड्यातल्या पाचक रसांना ती सुटत नाही. त्यामुळे पकडलेलं बायोटिन रक्तात न जाता थेट शौचावाटे बाहेर पडतं. म्हणजे अ‍ॅव्हिडिन बायोटिन नष्ट करत नाही, फक्त अडवून धरतं. आणि ते फक्त अंड्यातलंच नाही, त्या वेळी आतड्यात इतर अन्नातून आलेलं बायोटिनही अडवतं.

हे माहीत व्हायला बरीच वर्षं लागली. 1927 मध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना कच्चं पांढरं खाऊ घातलं, तेव्हा उंदरांची कातडी सोलवटली आणि केस गळले. कारण मात्र कळेना. 1940 च्या सुमारास हरवलेला घटक बायोटिन आहे हे ठरलं आणि 1941 मध्ये अ‍ॅव्हिडिन वेगळं काढण्यात आलं. 1942 मध्ये सिडनस्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी काही माणसांना आठवडेच्या आठवडे वाळवलेलं पांढरं भरपूर खायला दिलं. त्यांची त्वचा कोंड्यासारखी सुटू लागली, थकवा आला, स्नायू दुखू लागले, भूक गेली. बायोटिनची इंजेक्शनं दिल्यावर ही लक्षणं हटली. यातला ‘वाळवलेलं’ हा शब्द लक्षात ठेवा. नुसतं वाळवल्याने अ‍ॅव्हिडिन मरत नाही.

चूक: पिवळा बलकही घातला की हिशेब जुळतो

पिवळ्या बलकात बायोटिन भरपूर असतं, हे खरं. म्हणून अख्खं कच्चं अंडं प्यायलं की एकाने घेतलेलं दुसरा भरून देतो, असं मानलं जातं. जरा आकडे मांडून पाहू.

एका अंड्यात साधारण दीड ते पावणेदोन मिलिग्रॅम अ‍ॅव्हिडिन असतं. एक मिलिग्रॅम अ‍ॅव्हिडिन सुमारे 15 मायक्रोग्रॅम बायोटिन पकडू शकतं. म्हणजे एका अंड्याची अडवण्याची ताकद झाली साधारण 25 मायक्रोग्रॅम. अख्ख्या अंड्यात बायोटिन किती? जवळपास 10 मायक्रोग्रॅम. अंड्याचं स्वतःचं सगळं बायोटिन बांधलं गेलं, तरी 15 मायक्रोग्रॅमची जागा रिकामीच उरते.

आता समजा, कुणी रोज सकाळी सहा अंड्यांचं फक्त पांढरं शेकमध्ये घालतो. सहा गुणिले 25, म्हणजे 150 मायक्रोग्रॅमची ताकद. प्रौढ माणसाला दिवसाला पुरेसं मानलं जाणारं बायोटिन आहे 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या पाचपट बायोटिन अडवायची सोय त्या एका ग्लासात आहे. प्रत्यक्षात सगळं अ‍ॅव्हिडिन काही भरत नाही. रात्रीच्या जेवणातलं बायोटिन आतड्यात पोहोचेपर्यंत सकाळचा शेक पुढे सरकलेला असतो. पण त्याच शेकमध्ये दाणे, बिया किंवा दूध असेल, तर त्यातलं बायोटिन गेलंच समजा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अधूनमधून एखादं कच्चं अंडं पोटात गेलं म्हणून कुणाचे केस गळत नाहीत. शरीर बायोटिन पुन्हा पुन्हा वापरतं, त्यामुळे उघड कमतरता यायला रोज बरीच पांढरी आणि तीही आठवडे-महिने लागतात. घाबरवणारे मेसेज हे सोयीस्करपणे गाळतात.

चूक: पाश्चराइज्ड डबा म्हणजे शिजलेलं

ही चूक सर्वांत समजूतदार लोक करतात. डब्यातलं द्रव पांढरं पाश्चराइज केलेलं असतं, म्हणून ते थेट शेकमध्ये ओततात. साल्मोनेलाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण पाश्चरायझेशन त्याचसाठी असतं. पण पांढरं घट्ट न होता जंतू मरावेत म्हणून ते साधारण 57 अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटंच तापवतात. अ‍ॅव्हिडिनचा आकार मोडतो तो 85 अंशांच्या आसपास. म्हणजे डब्यातलं पांढरं जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित आणि अ‍ॅव्हिडिनच्या दृष्टीने कच्चंच. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

चूक: पांढरं गोठलं की काम झालं

खरी मेख इथे आहे. पांढरं 62-63 अंशांनाच दुधाळ होऊन धरायला लागतं, कारण त्यातली काही प्रथिनं लवकर मोडतात. डोळ्यांना ते शिजलेलं दिसतं, पण अ‍ॅव्हिडिनला अजून वीसेक अंश बाकी असतात. 1991 मध्ये शिजवलेल्या अंड्यांतलं उरलेलं अ‍ॅव्हिडिन मोजलं गेलं, तेव्हा पाण्यात पोच केलेल्या अंड्यात सुमारे 71 टक्के क्रिया शाबूत होती, दोन मिनिटं उकळलेल्या अंड्यात 40 टक्के आणि तळलेल्यात 33 टक्के. हाफ बॉइल करून शेकमध्ये टाकणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. काम निम्मंअधिक होतं, पण पूर्ण होत नाही.

गरम दुधाचा तोडगा तर त्याहून लंगडा. समजा, 250 मिलीलीटर दूध 90 अंशांना आहे आणि त्यात फ्रिजमधून काढलेलं, 5 अंशांचं, तीन अंड्यांचं पांढरं म्हणजे 100 ग्रॅम घातलं. मिश्रणाचं तापमान येतं 65 अंशांच्या आसपास, आणि थंड मिक्सरच्या भांड्यात तेही लगेच उतरतं. ना 85 अंश गाठले, ना जंतू मरावेत म्हणून अंड्याच्या पदार्थासाठी सांगितलेले 71. वर आणखी एक घोळ होतो. बायोटिन पकडून बसलेलं अ‍ॅव्हिडिन रिकाम्या अ‍ॅव्हिडिनपेक्षा बरंच चिवट होतं आणि 100 अंशांच्याही वर तग धरतं. म्हणून सगळं एकत्र करून मग तापवणं हा क्रमच उलटा आहे. पांढरं आधी एकटं शिजवा, मग बाकीचं.

शिजवायचं कसं, यात फार कौशल्य नाही. अख्खी अंडी उकळत्या पाण्यात दहा ते बारा मिनिटं ठेवा, गार पाण्यात टाकून सोला, लगेच वापरायची नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा. डब्यातलं पांढरं असेल तर तव्यावर सतत हलवत, पाण्याचा टिपूसही न उरता कोरडं आणि घट्ट होईपर्यंत परता. तुकडा मोडून पाहा. आत चकचकीत, ओलसर भाग दिसला तर अजून वेळ द्या. शेक दाणेदार लागतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे शिजलेलं पांढरं आधी थोड्याच द्रवाबरोबर मिनिटभर वाटून घ्यायचं आणि त्याची गुळगुळीत पेस्ट झाली की मग बाकीचं दूध आणि फळ घालायचं. सगळं एकदम घातलं की तुकडे पात्याभोवती नुसते फिरत राहतात.

शिजवण्याचा प्रथिनांनाही फायदा होतो. 1998 च्या एका अभ्यासात, लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने बाहेर काढलेल्या रुग्णांमध्ये, शिजलेल्या अंड्यातलं सुमारे 91 टक्के प्रथिन पचलं, तर कच्च्यातलं 51 टक्केच. सहा पांढऱ्यांतल्या 21-22 ग्रॅम प्रथिनापैकी अकराच ग्रॅम हाती लागलं, असा त्याचा अर्थ. मात्र ‘कच्च्याने स्नायूच बनत नाहीत’ अशी फेक करू नका. 2022 मध्ये व्यायामानंतर तरुणांना पाच कच्ची किंवा पाच उकडलेली अंडी देऊन पाहिली गेली. उकडलेल्यांतून रक्तात अमिनो आम्लं जास्त आली, तरी स्नायूंतल्या प्रथिननिर्मितीच्या वेगात फरक दिसला नाही.

चूक: केस गळताहेत, म्हणजे बायोटिनची गोळी

केसगळतीची कारणं ढीगभर आहेत: लोह कमी, थायरॉइड, आजारपण, झटपट वजन उतरवणं. बायोटिनच्या कमतरतेत केसांसोबत सहसा आणखी एक खूण दिसते. डोळे, नाक आणि तोंडाभोवती लाल, खपलीदार पुरळ येतं. सोबत मरगळ, उदासपणा, हातापायांना मुंग्या. रोजच्या कच्च्या पांढऱ्याची सवय आणि हे पुरळ एकत्र दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे. तपासणीत रक्तातलं बायोटिन फारसं भरवशाचं नसतं. लघवीतलं 3-हायड्रॉक्सीआयसोव्हॅलेरिक आम्ल वाढलेलं दिसणं हा त्याहून चांगला पुरावा. गरोदरपणात आणि फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन, चालू असताना बायोटिन आधीच काठावर असू शकतं, त्यामुळे त्यांनी कच्चं पांढरं टाळलेलंच बरं.

कच्चा शेक चालू ठेवून वर गोळी घ्यायची, हा तोडगा गणितात बसतो. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम बायोटिन असतं, त्यापुढे सहा अंड्यांचे 150 म्हणजे किरकोळ. पण मग दुसरीकडे बिघडतं. रक्ताच्या अनेक तपासण्या बायोटिनच्या याच घट्ट पकडीवर उभ्या आहेत आणि रक्तात बायोटिन फार असलं की त्यांचे आकडे चुकतात. टीएसएच खोटं कमी आणि थायरॉइड हॉर्मोन खोटं जास्त दिसून, नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघितलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं, आणि ते जास्त धोक्याचं. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल 2017 मध्ये इशारा दिला, 2019 मध्ये तो पुन्हा दिला. म्हणून अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. थायरॉइडच्या तपासणीआधी ती किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. छातीत दुखतं म्हणून इस्पितळात जावं लागलं, तर तेवढे दिवस हाताशी नसतात, तेव्हा गोळीचं नाव पहिल्याच प्रश्नाच्या उत्तरात सांगा.