घाईच्या इंग्रजी मेसेजमध्ये अनेकवचन कसं तपासावं

‘शेवटी एस लावा आणि पाठवा’ हा सल्ला नाशिकच्या ऑफिसांत फार चालतो, आणि तो वाईट आहे. ‘फोन चूक दाखवतोच’ हा त्याहून वाईट. पिंपळगावहून द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्यांचे मेसेज मी नेहमी तपासते. त्यातल्या बहुतेक चुकांखाली तांबडी रेघ येतच नाही.

मेसेज लिहून झाला की फक्त नामांवरून नजर फिरवा.

चिल्ड्रन, फीट, टीथ ही अनेकवचनंच आहेत. त्यांना पुन्हा एस नको.

नाइफ, लीफ, शेल्फ यांच्या शेवटचा एफ किंवा एफई जाऊन व्हीईएस येतं. रूफ, चीफ, प्रूफ यांना साधा एस पुरतो. ‘नाइफ’ला नुसता एस जोडला तर फोन गप्प राहू शकतो, कारण भोसकणे या अर्थाचं क्रियापद तसंच लिहितात.

‘फेनॉमेना’ अनेकवचन आहे. पावसानंतर मणी तडकतात, त्यावर ‘क्रॅकिंग इज अ कॉमन फेनॉमेना’ असं सर्रास लिहिलं जातं. आधी ‘अ’ किंवा ‘धिस’ असेल तर ‘फेनॉमेनन’च हवं. क्रायटेरियन आणि क्रायटेरिया यांचंही तसंच.

आता खरी अडचण: क्रिटिसिझम. ते मोजता येत नाही, एस लावूच नका, असं ठामपणे सांगणाऱ्यांमुळे मी बराच काळ गोंधळले होते. ते अर्धंच खरं आहे. एकूण टीकेबद्दल बोलताना एस नाही: ‘वुई वेलकम क्रिटिसिझम.’ पण खरेदीदाराने देठ सुकलेत, मणी लहान आहेत, खोके ओले आहेत, असे तीन वेगळे आक्षेप लिहिले असतील, तर ‘थ्री क्रिटिसिझम्स’ अगदी बरोबर. बोटांवर मोजून एकेक आक्षेप सांगता येतो का, एवढं बघा. येत असेल तर एस लावा.

मात्र ही कसोटी फीडबॅक, इक्विपमेंट, फर्निचर यांना लावू नका. समोर चार यंत्रं मोजता आली तरी ‘फोर इक्विपमेंट्स’ होत नाही. इथे माझं मत पक्कं आहे: एस लावण्याऐवजी शब्दच बदला. फीडबॅकऐवजी कॉमेंट्स, इक्विपमेंटऐवजी मशीन्स. ‘पीसेस ऑफ इक्विपमेंट’ चुकीचं नाही, पण घाईत कोण लिहितं?

एक मेसेज असा आला होता: ‘थँक्स फॉर युअर फीडबॅक्स. युअर थ्री क्रिटिसिझम आर नोटेड. क्रॅकिंग इज अ फेनॉमेना आफ्टर रेन.’ गेला तो असा: ‘थँक्स फॉर युअर कॉमेंट्स. युअर थ्री क्रिटिसिझम्स आर नोटेड. क्रॅकिंग इज कॉमन आफ्टर रेन.’ शेवटच्या वाक्यात फेनॉमेनन टाकलंच नाही, कारण त्याची गरजच नव्हती.