जळगावचा फ्लॅट सोडताना: नोटीस आणि डिपॉझिटची तयारी

आधी करार काढून वाचा. माझा करार १ जून २०२४ पासून ११ महिन्यांचा होता, त्यात एक महिन्याची नोटीस लिहिलेली होती आणि सहा महिन्यांचा लॉक-इन संपलेला होता. मला ३१ मार्चला निघायचं होतं, म्हणून नोटीस २० फेब्रुवारीलाच धाडली. महिना मालकाला नोटीस मिळाल्यापासून मोजला जाईल, हे धरूनच चाला. आधीच्या घराच्या वेळी मी नुसतं फोनवर सांगितलं होतं. मालकांनी तारीख पुढची धरली आणि महिन्याचं भाडं जास्तीचं गेलं.

नोटीस दोन भाषांत करा. माझे घरमालक काका जळगावात मराठी वाचतात, पण पैसे त्यांचा मुलगा बंगळुरूहून पाठवतो आणि त्याचं सगळं इंग्रजीत चालतं. दोन्ही मजकूर एकाच कागदावर, वर-खाली घ्या. तारखेतला महिना अक्षरांत लिहा. रक्कम आकड्यात आणि अक्षरांत, दोन्हीकडे सारखीच हवी. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर इंग्रजीत ‘टेनंट’ लिहू नका, करारात असतो तो ‘लायसेन्सी’ शब्दच ठेवा. मराठीत एवढं पुरतं: ‘३१ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी सहा वाजता फ्लॅटचा रिकामा ताबा व चाव्या देईन. त्याच वेळी अनामत रक्कम रु. ३०,००० (तीस हजार) माझ्या खात्यात परत करावी.’ खाली खाते क्रमांक लिहा. स्पीड पोस्टाने धाडा, पावती जपा आणि त्याच दिवशी फोटो व्हॉट्सॲपवरही टाका.

खरा वाद भिंतीवर होतो. आपल्याकडे खिडकीत कूलर असतोच, आणि त्याचं पाणी चौकटीखाली झिरपून पिवळसर पट्टा उठतो. राहायला आलो तेव्हाचे फोटो शोधा. माझ्या फोटोंत तो पट्टा आधीपासून, कोपऱ्यातल्या पोपड्यांसकट दिसत होता, म्हणून रंगाचे पैसे कापायचा विषय तिथेच मिटला. फोटो नसतील तर रंगकामाचं बिल मागा. नुसत्या अंदाजावर कपात मान्य करू नका. नेहमीच्या वापराने फिका पडलेला रंग आणि तुम्ही पाडलेलं भोक या वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेचं शेवटचं बिल घर सोडल्यावर येतं, म्हणून मीटरचा फोटो ताबा देताना काकांसमोरच काढा. माझ्या मागच्या बिलावर रीडिंग ४३१२ होतं, त्या दिवशी ४३९८ निघालं, म्हणजे ८६ युनिट. मागचं बिल १२४ युनिटचं १११६ रुपये आलं होतं, म्हणून नऊच्या हिशोबाने ७७४ रुपये कापायला मी तिथेच लिहून दिले. २९,२२६ जमा झाल्याचा मेसेज आल्यावर मग दोन्ही चाव्या काकांच्या हातात दिल्या आणि ताबा मिळाल्याची सही तारखेसह घेतली.