पायाला सूज आली म्हणून बीपीची गोळी बदलताना या चुका टाळा

समजा, यवतमाळकडचे बासष्ट वर्षांचे शेतकरी काका आहेत. त्यांना अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम आणि मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम रोज चालू आहे. संध्याकाळी घोटे सुजतात म्हणून कुणीतरी अम्लोडिपिन बंद करून डिल्टियाझेम सुरू केलं, मेटोप्रोलॉल तसंच ठेवलं. काही दिवसांत चक्कर येऊ लागते, नाडी ४० वर येते. अम्लोडिपिन आणि डिल्टियाझेम दोन्ही 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' याच नावाखाली येतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. चूक इथेच होते.

हृदयाचा ठोका सुरू करणारी एसए नोड आणि तो खाली पोचवणारी एव्ही नोड, दोन्हींचा विद्युत संदेश मुख्यतः कॅल्शियमवर चालतो. डिल्टियाझेम आणि त्याच नावाखाली येणारं व्हेरापॅमिल, पेशीत कॅल्शियम आत घेणारं दार म्हणजे चॅनल उघडल्यावर आत शिरून चिकटतात. चॅनल जितकं वारंवार उघडेल तितकी पकड वाढते, आणि नोडमध्ये ते प्रत्येक ठोक्याला उघडतं. म्हणून नाडी मंदावते. धमनीच्या भिंतीतला स्नायू मात्र सतत अर्धवट ताणात असतो, त्यामुळे तिथली बरीच चॅनल निष्क्रिय अवस्थेत असतात. अम्लोडिपिन, निफेडिपिनसारख्या डायहायड्रोपायरिडिन गोळ्यांना नेमकी हीच अवस्था मानवते. नेहमीच्या डोसला त्या धमन्या सैल करतात, नोडला फारसा धक्का लावत नाहीत. उलट जलद काम करणाऱ्या निफेडिपिनने बीपी एकदम पडून धडधड वाढते.

मेटोप्रोलॉल आधीच त्याच नोडना आवरतं. त्यावर डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल चढवलं की ठोका खाली पोचणंच अडतं, म्हणजे एव्ही ब्लॉकपर्यंत गोष्ट जाऊ शकते. हृदयाची पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला तर डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल टाळायचंच. विदर्भाच्या मे महिन्यात उलट्या-जुलाब किंवा उन्हाने मूत्रपिंड मंदावलं, रक्तात पोटॅशियम चढलं, तर नाडी आणखीच खाली जाते.

मग सुजेचं काय? अम्लोडिपिनने धमन्या उघडतात, शिरा तितक्या सैल होत नाहीत. केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी ऊतींमध्ये झिरपतं. हे शरीरात जास्त पाणी साठल्याचं लक्षण नाही, म्हणून लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही, तरी तीच सर्रास दिली जाते. डॉक्टर सहसा डोस १० वरून ५ करतात किंवा टेल्मिसार्टन जोडतात, कारण ते शिराही सैल करतं. त्यासाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. मात्र एकाच पायाला सूज, दम लागणं किंवा लघवी कमी होणं असेल, तर दोष गोळीवर ढकलू नका; तपासणी करा.

नवी गोळी देण्याआधी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित ठोके हातचे सुटतात. नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, घाम किंवा शुद्ध हरपणं असेल, तर पुढचा डोस थांबवा, ईसीजी काढा आणि १०८ ला फोन करून रुग्णालयात पाठवा. त्रास नसेल तर मेटोप्रोलॉल मनानेच अचानक बंद करू नका. हृदयविकार असल्यास छातीत दुखणं उलटतं. रुग्णासोबत रिकामी पाकिटंही पाठवा. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्यावर पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही.