सरांचा वाढदिवस आणि शंभर बॉलची बादली

सर, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! केक आणलात तर टेबलावर क्रीम सांडेल आणि हॉलबाहेर काढीन, असा दम तुम्ही आधीच दिलाय. वर म्हणालात, "काही द्यायचंच असेल तर टेबल टेनिसच्या नव्या पोरांना तुझी नऊ-नऊची गोष्ट लिहून दे." घ्या मग. पोरांनो, ही सरांना शुभेच्छा आहे, पण वाचायची तुम्ही आहे.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माझ्याकडे एक सर्व्हिस होती, आखूड, भरपूर बॅकस्पिनची, आणि तिच्यावर मी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या सगळ्या मुलींना हरवायचे. बाहेरगावच्या एका स्पर्धेत पाचव्या गेमपर्यंत गेले. त्याआधी दुसऱ्या गेममध्ये अंपायरांनी मला थांबवलं होतं. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवणं, नीट वाटत नाही म्हणून त्यांनी लेट दिला, म्हणजे पॉइंट न धरता सर्व्हिस पुन्हा टाकायला लावली, आणि ताकीद दिली. नियम असा आहे की सर्व्हिसबद्दल शंका आली, तर मॅचमध्ये पहिल्यांदा अंपायर लेट देऊन ताकीद देऊ शकतात. त्यानंतर पुन्हा शंका आली की सरळ पॉइंट समोरच्याला. आणि चूक स्पष्टच दिसली तर ताकीदही मिळत नाही. मी दोन-तीन सर्व्हिस जपून टाकल्या आणि मग विसरले.

पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ झाले आणि सर्व्हिस माझी आली. दोन्ही माझ्याच. खूश झाले, कारण माझं शस्त्र माझ्या हातात होतं. पहिली टाकली आणि अंपायरांचा हात वर. फॉल्ट. नऊ-दहा. दुसरी टाकताना हातच थरथरत होता. बॉल लांब गेला, उंच उठला आणि पोरीने तो असा हाणला की मी फक्त आवाज ऐकला. संपलं.

परतीच्या बसमध्ये मी अंपायरांना शिव्या घालत होते. सर, तुम्ही देवासपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मग विचारलंत, "टॉस किती उंच होता?" मला माहीतच नव्हतं. टॉसची उंची मोजायची असते हेही माहीत नव्हतं!

नियमात १६ सेंटिमीटर आहे. तळहातावरून बॉल सुटल्यापासून किमान इतका तो वर जायला हवा, जवळपास सरळ, आणि खाली येतानाच मारायचा. नेटची उंची १५.२५ सेंटिमीटर असते, म्हणजे नेटपेक्षा नखभर जास्त. सरांनी माझा हात नेटच्या खांबाशेजारी धरायला लावला. माझा बॉल नेटच्या पट्टीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. मी तो बोटांनी टिचकी मारल्यासारखा उडवत होते, म्हणून त्याला थोडी फिरकीही लागत होती. तेही चालत नाही. सर म्हणाले, "नेटच्या दुप्पट टाक. मग कोणी पट्टी काढत बसणार नाही."

घरी आईचं मत पडलं की सर्व्हिसच बदलावी, साधी टाकावी. सर, तुम्ही म्हणालात, "सर्व्हिस हिची चांगली आहे. हात चुकतोय. हात बदलू." मी तेव्हा दाराआड उभी होते, हे तुम्हाला आज सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हॉलवर बोलावलं आणि बॅट काढून घेतली. चार दिवस नुसता टॉस. तळहात सपाट, बोटं एकत्र, बॉल मधोमध स्थिर, मग बोटं न हलवता आख्खा हात वर. बॉल परत त्याच तळहातावर पडला तर टॉस सरळ. पुढे जाऊन पकडावा लागला तर वाकडा. इतकी सोपी परीक्षा आहे, आणि पहिल्या दिवशी मी शंभरातले जेमतेम तीस पकडले.

आणखी एक खोड होती. टॉस टाकल्यावर माझा डावा कोपर बॉलच्या पुढे तसाच राहायचा. समोरच्या मुलीला बॉल दिसायचा नाही, आणि तो झाकणं हाही फॉल्टच. मला ते पटेना. तेव्हा सरांनी मला अंपायरच्या खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या मुलीला माझी नक्कल करायला लावली. खुर्चीतून दिसलं फक्त कोपर. तुमचे मोबाइल असतातच ना, मग रील करण्याऐवजी एकदा अंपायरच्या बाजूने स्वतःची सर्व्हिस काढून बघा.

मग बादली आली. शंभर बॉल, रोज, बाकीचे यायच्या आधी. वहीत एकच आकडा लिहायचा: समोरच्या बाजूला दोन टप्पे पडतील अशा किती गेल्या. दोन टप्पे पडतात ती आखूड सर्व्हिस, तिच्यावर समोरच्याला पूर्ण हात फिरवता येत नाही. पहिला आकडा २३. आठवडाभर तो हलेना, कारण मी जोर कमी करून बॉल आखूड करायला बघत होते. जोर कमी केला की फिरकीही जाते. चूक माझ्याच बाजूला होती: माझा पहिला टप्पा माझ्या कडेजवळ पडत होता, आणि तिथे पडलेला बॉल लांबच जातो. सरांनी माझ्या बाजूला नेटच्या अलीकडे वहीचा कागद ठेवला. टप्पा कागदावर, आणि बॉल नेटच्या उंचीएवढा खाली आल्यावर घासायचा. उंचावर मारला की समोर उडतो. महिन्याने आकडा साठच्या वर गेला.

फिरकी लागली की नाही, हे कानाने कळतं. "टक" असा मोठा आवाज आला तर बॉल ठोकलाय. बारीक खरखर आली तर घासलाय. जमिनीवर टाकून बघा, चांगला घासलेला बॉल थोडा पुढे जाऊन तुमच्याकडेच परत येतो. पावसाळ्यात मात्र निराश होऊ नका, दमट हवेत रबर ओलसर होतं आणि बॉल घसरतो. रबर पुसा, वहीत "पाऊस" लिहा, पुढे चला.

आणि उशीर करू नका. सहा वाजून चार मिनिटांनी आले त्या दिवशी सरांनी बादली उचलून कपाटात ठेवली, बस. ना ओरडले, ना काही. मी दोन तास इतरांचे बॉल वेचले. (त्या दिवशी पोहे-जलेबीसुद्धा गोड लागली नाही, आणि इंदूरकरासाठी हे फार झालं.)

पुढच्या वर्षी पुन्हा पाचवा गेम, पुन्हा नऊ-नऊ, पुन्हा सर्व्हिस माझी. सर, तुम्ही टाइमआउट घेतलात. एक मिनिट मिळतं. मला वाटलं, आता सांगणार की साधी टाक. तुम्ही टॉवेल दिलात, मी पाणी प्यायले, पन्नास सेकंद तुम्ही माझ्या बुटाच्या नाड्या बघत होतात. मग म्हणालात, "तीच."

तीच टाकली. टॉस कपाळाच्या वर गेला असेल! पोरीने पुश केला तो नेटमध्ये. दुसऱ्या सर्व्हिसवर तिचा बॉल जरा उंच आला आणि मी तो ओढला. अकरा-नऊ. पुढच्या राउंडला मी सरळ तीन गेममध्ये हरले, तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही वहीत लिहाल.

अभय प्रशालला मोठ्यांच्या मॅचेस असतील तेव्हा पोरांनो गॅलरीत बसून एक आख्खी मॅच फक्त टॉस बघा.

सर, बादली मी धुऊन ठेवलीय. बॉल मोजले, सत्त्याण्णव भरले. तीन कपाटाखाली गेलेत, दिसतायत पण हात पोचत नाही. उद्या सहाला येते, कपाट दोघं मिळून सरकवू.